बांबूचं बनियान घाटावर का फाटलं? बांबू, मोडाल आणि कॉटनमधून माल निवडताना



कार्तिकातली यात्रा आटोपली की आमच्या कौंडण्यपुरात दुकानदारांना जरा श्वास घ्यायला वेळ मिळतो. अशाच एका दुपारी शेजारच्या गावातल्या एक काकू दुकानात आल्या, पिशवीतून एक बनियान काढलं आणि गल्ल्यावर पसरलं. दोन्ही काखांत बोट जाईल एवढी भोकं.

"काय वं ताई, हे तं चारदाच धुतलं. महागाचं म्हणून घेतलं होतं न बुढ्यासाठी."

बनियान माझ्याच दुकानातलं होतं. '१०० टक्के बांबू' असं डब्यावर छापलेलं. दोन डझन आणले होते, १६५ रुपयांना एक पडलं आणि २४९ला विकलं. हात लावला की गिऱ्हाईक घेतंच, इतकं मऊ. महिन्याभरात सगळे खपले आणि पुढच्या दोन महिन्यांत चोवीसमधले सात परत आले. मी सातही जणांना पैसे परत दिले. आता हिशेब बघा. विक्री ५,९७६ रुपये. त्यातून परत दिले १,७४३. उरले ४,२३३. माल पडला होता ३,९६० रुपयांना. म्हणजे दोन डझन महागडी बनियानं विकून माझ्या हातात राहिले २७३ रुपये, आणि वर सात घरांत बदनामी.

व्यापाऱ्याला फोन केला तर तो म्हणे, "धुतलं कसं?" तेव्हा मला राग आला. पण खरं सांगू का, प्रश्न बरोबर होता. फक्त तो माल विकताना त्याने मला विचारायला पाहिजे होता आणि मी गिऱ्हाइकाला. टी-शर्ट आणि इनरवेअरच्या धंद्यात उतरायचं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचा प्रश्न असतो की बांबू चांगलं, मोडाल चांगलं की कॉटन. आज मी त्याचं उत्तर त्या फाटक्या बनियानावरूनच देते.

आधी नावाचा घोळ सोडवू

बांबू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मेळघाट येतो. आपल्याच अमरावती जिल्ह्यात, धारणीकडे लवाद्याला बांबूचं केंद्र आहे, तिथे बांबूच्या सुंदर वस्तू बनतात. पण बनियानातला 'बांबू' हा तसा सोलून, कातून काढलेला धागा नाही. बांबूचा लगदा करतात, तो कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड वापरून विरघळवतात, मधासारखं घट्ट द्रावण तयार होतं, आणि ते शेवया पाडाव्यात तसं बारीक भोकांतून आम्लाच्या टाकीत सोडतात. तिथे त्याचे तंतू होतात. ह्या तंतूचं खरं नाव व्हिस्कोस किंवा रेयॉन. लगदा निलगिरीचा असला तरी तंतू जवळपास तोच निघाला असता. साड्यांमध्ये आपण ज्याला रेयॉन म्हणतो त्याचाच हा भाऊ.

अमेरिकेत ह्यावरून कारवाया झाल्या आहेत. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९मध्ये काही कंपन्यांना पकडलं, कारण त्या रेयॉनला नुसतं 'बांबू' म्हणून विकत होत्या आणि बांबूचे जंतुनाशक गुण कपड्यात उतरतात असंही सांगत होत्या. २०२२मध्ये तर वॉलमार्ट आणि कोल्स ह्या दोन मोठ्या दुकानसाखळ्यांना मिळून ५५ लाख डॉलर दंड भरायचं कबूल करावं लागलं. त्यामुळे डब्यावर 'अँटीबॅक्टेरियल बांबू' लिहिलेलं असलं तरी तुम्ही आपल्या तोंडाने ते वाक्य बोलू नका. एवढं लगदा, सोडा, आम्ल झाल्यावर बांबूचा गुण त्यात शिल्लक राहतो असं धरून चालायला आधार नाही.

मोडाल हाही त्याच घराण्यातला. लाकडाच्या लगद्यापासूनच बनतो. ऑस्ट्रियाची लेन्झिंग कंपनी बीच नावाच्या झाडापासून बनवते, आपल्याकडे बिर्लांचंही मोडाल आहे. फरक एवढाच की तंतू तयार होताना प्रक्रिया बदलून त्याला जास्त ताणतात. ताणल्यामुळे आतले रेणू एका दिशेत नीट रांगेत बसतात. हा 'एवढाच' फरक पुढे फार मोठा ठरतो.

आणि कॉटन म्हणजे आपली पऱ्हाटी. त्यात कोणी काही विरघळवत नाही. बोंडात तंतू जसा वाढला तसाच तो सुतात येतो. आपल्या वऱ्हाडातला कापूस जिनिंगमधून गाठी होऊन बाहेर जातो, कुठेतरी त्याचं सूत होतं, तिरुपूरला त्याचं होजियरी कापड आणि टी-शर्ट होतात आणि आपण ते परत इथे आणून विकतो. नांदगाव पेठेत आता मोठं टेक्स्टाइल पार्क होतंय, बघू हा फेरा किती कमी होतो ते. असो.

कपडा ओला झाल्यावर काय होतं

बहुतेक दुकानदार इथेच फसतात, कारण आपण कापड नेहमी कोरडं हातात घेतो. गिऱ्हाइकाच्या घरी त्याचे सगळ्यात वाईट हाल होतात ते ओलं असताना.

कापूस ओला झाला की कमजोर होत नाही, उलट थोडा जास्त मजबूत होतो. कापसाच्या तंतूतल्या रेण्वीय साखळ्या फार लांब असतात आणि त्यांची वीण घट्ट असते. पाणी शिरलं की तंतू फुगतो, आतला ताण सगळीकडे सारखा वाटला जातो आणि तंतू ओढ जास्त सोसतो. आपल्या आज्या सुती धोतर दगडावर आपटून, मोगरीने बडवून धुवायच्या आणि ते धोतर वर्षानुवर्षं टिकायचं, त्यामागे हेच.

व्हिस्कोसचं उलटं आहे. विरघळवून पुन्हा जोडताना त्याच्या साखळ्या तुटून आखूड झालेल्या असतात आणि वीण सैल असते. पाणी आत घुसलं की त्या एकमेकींवरून सरकायला लागतात. व्हिस्कोस ओलं झालं की त्याची साधारण निम्मी ताकद जाते. वाळलं की परत येते. पण ओलं असताना तुम्ही ते पिळलं, ब्रशने घासलं, आपटलं, तर झालेली झीज परत येत नाही.

मोडाल ह्या दोघांच्या मधे बसतं. ओलं झालं की तेही ताकद सोडतं, साधारण चाळीस टक्के. पण मुळात ते व्हिस्कोसपेक्षा बरंच मजबूत असल्यामुळे सोडून उरलेली ताकद साध्या व्हिस्कोसच्या दीडपट-दुप्पट भरते.

आता काकूंच्या बनियानाकडे परत या. भोकं फक्त काखांत होती, पाठ अगदी नव्यासारखी. काखेत घाम, म्हणजे तिथलं कापड दिवसभर ओलं. वरून शेतात हात चालतात, म्हणजे ओल्यावर घर्षण. घामाचा पिवळा डाग निघावा म्हणून काकू नेमक्या त्याच जागी साबणाची वडी जास्त घासायच्या, वर ब्रश मारायच्या. मग वर्धेच्या घाटावर दोन मोगऱ्या आणि शेवटी घट्ट पीळ. जे कापड ओलं असताना अर्धंच उरतं, त्याला त्याच अवस्थेत रोज ह्या सगळ्यातून काढलं. त्यात काकूंची काही चूक नाही. चाळीस वर्षं त्यांनी सुती कपडा असाच धुतला. चूक माझी, मी त्यांना हे न सांगता माल दिला.

ओल्या धाग्याची परीक्षा

डब्यावर काय लिहिलं आहे ते सोडा, सॅम्पल हातात आल्यावर हे करून बघा. कापडाच्या कापलेल्या कडेवरून एक धागा उसवा, वीतभर लांब. स्पॅन्डेक्स, म्हणजे आपण ज्याला लायक्रा म्हणतो, तो असेल तर रबरासारखा वेगळाच निघतो. तो बाजूला काढा. उरलेल्या धाग्याच्या बरोबर मधे पाण्याचा थेंब लावा, दोन्ही टोकं धरा आणि हळूहळू ताणा. धागा ओल्या जागीच पटकन तुटला तर व्हिस्कोस, मग डब्यावर बांबू लिहा नाहीतर आणखी काही. कोरड्या जागी तुटला तर कापूस. मोडालही बहुधा ओल्या जागीच तुटतं, पण जोर लागतो. हाताला हा फरक कळायला आठ-दहा धागे तोडावे लागतात. एकदाच तोडून निकाल देऊ नका. आणि कॉटनमध्ये मिसळलेलं कापड असेल तर ही परीक्षा गोंधळते, तेव्हा व्यापाऱ्याकडून टक्केवारी बिलावर लिहून घ्या.

बरेच जण धागा जाळून बघायला सांगतात. इथे त्याचा उपयोग अर्धाच आहे. तिन्ही कापडं मुळात सेल्युलोज, त्यामुळे तिन्ही कागदासारखी जळतात, तसाच वास येतो आणि मऊ राख पडते. जाळून कळतं ते एवढंच की पॉलिस्टर मिसळलं आहे का. पॉलिस्टर असेल तर धागा वितळून टोकाला कडक मणी होतो.

जाता जाता, डब्यावर 'बांबू लायोसेल' असं लिहिलेलं दिसलं तर ते वेगळं समजा. त्याची विरघळवण्याची पद्धत दुसरी असते आणि ओलं झाल्यावर ते साध्या व्हिस्कोसपेक्षा बरंच चांगलं टिकतं. महागही असतं. आपल्या बाजारात कमी दिसतं.

मऊपणा: दुकानातला आणि दहाव्या धुण्यानंतरचा

बांबू आणि मोडाल मऊ का लागतात? यंत्रातून काढलेला तंतू सगळीकडे सारखा जाड आणि सारख्या लांबीचा असतो, त्यामुळे सूत गुळगुळीत होतं आणि कापड अंगावरून घसरतं. कापसात लांब-आखूड तंतू मिसळलेले असतात. आखूड तंतूंची टोकं सुताबाहेर डोकावतात आणि तीच कातडीला टोचतात. म्हणून कॉटन घेताना 'कोम्ब्ड' मागायचं. त्यात सूत कातण्याआधी आखूड तंतू विंचरून काढून टाकतात. त्यावर 'बायोवॉश' केलेलं असेल तर एन्झाइमने उरलेली लव खाऊन टाकलेली असते. कोम्ब्ड बायोवॉश कॉटन आणि साधं कार्डेड कॉटन ह्यांत जेवढा फरक आहे, तेवढा कधीकधी कॉटन आणि मोडालमध्येही जाणवत नाही. ज्यांनी फक्त स्वस्तातलं कार्डेड कॉटन बघितलं आहे ते कॉटनला उगीच नावं ठेवतात.

पण हात फिरवून निर्णय घेऊ नका. कापड कारखान्यातून निघताना त्यावर सिलिकॉनचा सॉफ्टनर मारलेला असतो. दुकानात हाताला लागतो तो मऊपणा कापडाचा किती आणि सिलिकॉनचा किती, हे पाच-सात धुण्यांनंतर समजतं. मोडालचा मऊपणा तेव्हाही टिकून असतो आणि ते पटकन चरचरीत होत नाही. कॉटन हळूहळू कडक होतं, त्यातही आपल्याकडच्या पाण्यात जास्त. बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा चोथा कापडात बसतो, आणि अकोला-दर्यापूरकडच्या खारपाण पट्ट्यातल्या गिऱ्हाइकांची तर 'कपडा पत्र्यासारखा होते' ही ठरलेली तक्रार. तिथे सॅम्पल धुवायचं तर तिथल्याच पाण्यात धुवा. बांबूचं कापड मऊ राहतं, पण घासलं की त्यावर बोंदरं, म्हणजे लव गुंडाळून झालेल्या बारीक गोळ्या, लवकर येतात.

उन्हाळ्याबद्दल सगळे विचारतात. व्हिस्कोस आणि मोडाल कॉटनपेक्षा जास्त पाणी शोषतात. पारा पंचेचाळीशी गाठतो तेव्हा दुकानात बसणाऱ्याला हे अंगावर खरंच थंड लागतं. पण जे जास्त शोषतं ते वाळायलाही वेळ घेतं. मे महिन्यात हा प्रश्न येत नाही. श्रावणात येतो. घरात दोरीवर टाकलेलं बांबूचं बनियान सकाळपर्यंत दमट राहतं, तेच अंगात घातलं तर वास मारतं, आणि गिऱ्हाईक म्हणतं की तुम्ही तर वास येत नाही म्हणाला होतात.

माल भरण्याआधीचे तीन दिवस

मी आता एकाच मापाचे दोन नग मागवते. एक कापायला, एक धुवायला.

कापायच्या नगातून २० बाय २० सेंटिमीटरचा चौकोन कापते आणि सोनाराच्या काट्यावर वजन करून आणते. आलेल्या ग्रॅमला २५ने गुणलं की जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन निघतं. त्या बांबूच्या बनियानांतला परत आलेला एक नग मी नंतर असाच मोजला. चौकोन भरला ४.८ ग्रॅम, म्हणजे १२० जीएसएम. व्यापाऱ्याने १५० सांगितलं होतं. ओलं असताना कमजोर होणारं कापड, तेही पातळ विणलेलं. मोजलं आधी असतं तर डझनच काय, एक नगही घेतला नसता. टी-शर्टला मी १८० जीएसएमच्या आसपासचं कॉटन धरते, बनियानाला १४० ते १६०.

धुवायच्या नगावर बॉलपेनने बरोबर ४० सेंटिमीटरच्या दोन खुणा करते, एक जोडी उभी, एक आडवी. मग तीन दिवस तीनदा धुते, माझं गिऱ्हाईक धुतं तसं: वडी, ब्रश, पीळ, ऊन. तिसऱ्या दिवशी पुन्हा मोजते. उभ्या खुणांमधलं अंतर ३८ झालं तर २ सेंटिमीटर गेले, म्हणजे ५ टक्के. ७० सेंटिमीटर उंचीचा टी-शर्ट साडेसहासष्टवर येणार. पोट झाकणारा टी-शर्ट बेंबी दाखवायला लागेल, आणि तो तुमच्याकडे परत येईल. ३ टक्क्यांपर्यंत मी चालवून घेते. बांबूच्या कापडात एक वेगळीच गंमत होते. ओलं कापड जड असतं, खांद्याला चिमटे लावून टांगलं की स्वतःच्याच वजनाने ताणून लांब होतं. धुवून आटतं, टांगून लोंबतं. म्हणून लांबी आणि रुंदी दोन्ही मोजायची.

अजून एक बघायचं, बाजूची शिवण. तीन धुण्यांनंतर ती पोटाकडे फिरली असेल तर सुताला पीळ जास्त आहे किंवा विणकाम ढिलं आहे. हे कॉटनच्या स्वस्त टी-शर्टमध्ये जास्त होतं, तेव्हा कॉटन आहे म्हणून आंधळा विश्वास नको.

मग कोणाला काय द्यायचं

शेतात, बांधकामावर, एसटीत राबणाऱ्या माणसाला कॉटन. ह्यात मी आता वाद घालत नाही. गिऱ्हाईक बांबू मागत असेल तरी आधी विचारते, घरी धुतं कोण आणि कसं? घाट, दगड, मोगरी हे शब्द आले की कोम्ब्ड कॉटनचा डबा पुढे करते.

बायकांच्या इनरवेअरला आणि ज्यांना शिवण टोचते, घामोळ्या येतात अशांना मोडाल. इथे ते पैशाला जागतं. साधारण ९५ टक्के मोडाल आणि ५ टक्के स्पॅन्डेक्स असं कापड घेते. त्यात स्पॅन्डेक्सची एक अट असते: गरम पाणी आणि कडक ऊन त्याला मारतं. इलास्टिक सैल पडलं की गिऱ्हाईक कापडाला नावं ठेवतं, पण कापड शाबूत असतं. टी-शर्टमध्ये अर्धं कॉटन अर्धं मोडाल हे मिश्रण मला आवडतं. रंग छान बसतो, मऊपणा राहतो आणि धुण्याचा मारही बऱ्यापैकी सोसतो.

बांबू मी बंद केलं नाही. रात्री घालायचे टी-शर्ट, कॉलेजची पोरं, घरी मशीन असलेली कुटुंबं, ह्यांच्यासाठी ठेवते. पण डझनाने नाही, मापाला दोन-दोन. आणि पिशवीत एक चिठ्ठी घालते. 'साध्या पाण्यात पावडर टाकून दहा मिनिटं भिजवा. ब्रश, मोगरी, ब्लीच नको. पिळू नका, दाबून पाणी काढा. सावलीत, दोरीवर मधून दुमडून वाळत घाला. मशीन असेल तर उलटं करून, जाळीच्या पिशवीत.' मोडालच्या चिठ्ठीतही जवळजवळ हेच, फक्त हलका हात चालतो असं लिहिते. कॉटनला चिठ्ठीच नाही. एवढंच सांगते की रंगीत टी-शर्ट उलटा करून वाळवा, नाहीतर आपलं ऊन रंग उडवतं.

चिठ्ठी वाचून दाखवली की दहातली तीन-चार गिऱ्हाइकं बांबूचा डबा खाली ठेवतात. ठेवू देते. त्यातली बहुतेक कॉटन घेऊन जातात.

त्या काकूंना मी पैसे दिले तेव्हा त्या घेईनात. म्हणाल्या, "पैसे राहू दे, बुढ्याले टिकणारं दे." मी ८५ला पडलेलं, १३०ला विकते ते १५० जीएसएमचं कोम्ब्ड कॉटनचं एक बनियान दिलं आणि फरकाचे ११९ रुपये हातात ठेवले. पुढच्या यात्रेला त्याच बनियानाचे आणखी तीन घेऊन गेल्या.